भाव उतरला, तरी कोळ्यांचा नफा वाढला! कसा?

आजच्या भागात दोन शब्द समजून घेऊ: कन्झ्युमर सरप्लस आणि प्रोड्युसर सरप्लस. आणि त्यासाठी जाऊ उत्तर केरळच्या किनाऱ्यावर.

तारीख १४ जानेवारी १९९७. बडगरा गावात पहाटे तारली घेऊन आलेल्या ११ कोळ्यांना गिऱ्हाईकच मिळालं नाही, म्हणून त्यांनी मासळी फेकून दिली. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आत, शेजारच्या बाजारांत २७ खरेदीदार रिकाम्या हाताने परत निघाले होते. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने ही नोंद २००७ च्या आपल्या शोधनिबंधात दिली आहे.

आता बघा, नेमकं काय वाया गेलं? आकडे मी सोपे, मनाचे घेतो. एक बाई किलोभर तारलीला ६० रुपयांपर्यंत द्यायला तयार आहे. तिला ती ४० ला मिळाली, तर वाचलेले २० हा तिचा कन्झ्युमर सरप्लस. कोळ्याची बोट किनाऱ्याला लागली आहे, डिझेल कधीच जळून गेलंय, त्यामुळे तो १० रुपयांनाही मासा देईल. त्याला ४० मिळाले, म्हणजे ३० हा त्याचा प्रोड्युसर सरप्लस. एकूण फायदा ५०.

भाव २५ झाला तर? बाईचे ३५, कोळ्याचे १५. एकूण पुन्हा ५०! म्हणजे याच सौद्यात भाव फक्त वाटणी ठरवतो. फायदा येतो तो ६० आणि १० मधल्या अंतरातून. पण सौदाच झाला नाही, तर दोघांच्या हातात शून्य. बडगऱ्यात तेच झालं.

मग बोट शेजारच्या बाजारात का नाही नेली? कारण बाजार पहाटे काही तासच भरतो, जायला पुन्हा डिझेल लागतं, आणि तिथला भाव माहीत नसतो.

१९९७ ते २००१ या काळात तिथे टप्प्याटप्प्याने मोबाइल टॉवर आले. रेंज समुद्रात २०-२५ किलोमीटरपर्यंत मिळायची. कोळी बोटीतूनच फोन करून भाव विचारू लागले. आधी रोजच्या मासळीतली ५ ते ८ टक्के फेकली जायची, ते जवळपास थांबलं. जेन्सनच्या हिशोबाने भाव सरासरी ४ टक्के उतरला, कन्झ्युमर सरप्लस ६ टक्के वाढला आणि कोळ्यांचा नफाही ८ टक्के वाढला. कारण फेकली जाणारी मासळी आता विकली जात होती.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ‘६० द्यायची तयारी’ ही खिशावरही ठरते. ज्याच्या खिशात १५ च रुपये आहेत, त्याची भूक या मापात १५ रुपयांचीच दिसते. म्हणून सरप्लस वाढला असं कुणी म्हटलं, की विचारायचं: कुणाचा?