काळू कावळ्याचं पालुपद

२४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती असते. त्या निमित्ताने महाराष्ट्रातल्या अनेक प्राथमिक शाळांत कथाकथन होतं. पहिली ते चौथीची मुलं सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली असतात, माइक मधूनच शिट्टी मारतो आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम आठ-दहा मिनिटं येतात. अशा कार्यक्रमात प्रामाणिकपणाची एक तरी गोष्ट हवी, असा बाईंचा आग्रह असतो. मुलांना मात्र कावळा हवा असतो. या दोघांची सांगड घालणं वाटतं तितकं सोपं नाही.

आपल्या गोष्टींतला कावळा हुशार असतो, पण खरं बोलणारा क्वचितच असतो. पंचतंत्रातलं तिसरं तंत्र कावळे आणि घुबडं यांच्या वैराचं आहे. त्यात स्थिरजीवी नावाचा म्हातारा कावळा शत्रूच्या गोटात खोटं बोलून शिरतो आणि शेवटी घुबडांची गुहा पेटवून देतो. सोन्याची साखळी सापाच्या बिळात टाकून राजाच्या माणसांकडून साप मारवणारं कावळ्याचं जोडपंही पंचतंत्रातलंच. तिथे कपट ही युक्ती ठरते आणि तिला शाबासकी मिळते. त्यामुळे प्रामाणिकपणा शिकवायचा म्हणून कावळ्याची हुशारीच काढून घेतली, तर मुलं लगेच ओळखतात की हा आपला कावळा नव्हे. हुशारी तशीच ठेवायची आणि तिची दिशा तेवढी बदलायची, हेच या गोष्टीचं खरं काम आहे.

दुसरी अडचण शेवटाची. खोटं बोलणाऱ्याला अद्दल घडली म्हणजे मुलं शहाणी होतात, असं आपण धरून चालतो. टोरांटो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच तपासलं होतं. तीन ते सात वर्षांच्या मुलांना पाठमोरं बसवून, नुसत्या आवाजावरून खेळणं ओळखायला सांगायचं. मग मोठं माणूस थोडा वेळ खोलीबाहेर जाणार, जाताना ‘वळून बघू नकोस’ असं बजावणार. बरीच मुलं बघतातच. परत आल्यावर मुलाला एक गोष्ट वाचून दाखवायची आणि मग विचारायचं, ‘तू वळून बघितलंस का?’

‘लांडगा आला रे आला’ ऐकलेली मुलं खरं बोलण्यात इतरांच्या पुढे नव्हती. खोटं बोललं की नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकलेली मुलंही नव्हती. फरक पडला तो छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने. त्यात मुलगा वडिलांचं चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणाचं कौतुक करतात. याच गोष्टीचा शेवट बदलून वाईट केला, तेव्हा तिचाही परिणाम ओसरला. हा परिणाम गोष्ट ऐकल्यावर लगेच मोजलेला होता, तेव्हा एका गोष्टीने मूल कायमचं बदलतं असा अर्थ कुणी काढू नये. पण गोष्ट रचणाऱ्याला यातून पुरेसं कळतं: खरं बोलल्यावर काय मिळालं, ते गोष्टीत दिसलं पाहिजे.

एवढं मनात धरून रचलेली ही गोष्ट.

एका वडाच्या झाडावर चिऊताई, खारूताई, साळुंकीमावशी आणि काळू कावळा राहत होते. पावसाळ्यात खायला काही मिळत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून भुईमुगाच्या शेंगांनी एक मडकं भरून ढोलीत ठेवलं. ठरलं असं की, पाऊस लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. काळूला धीर धरवेना. त्याने एक शेंग काढली आणि मडक्यात एक बारका खडा टाकला. खडा शेंगांच्या फटींतून घरंगळत तळाशी गेला. शेंग गेली, खडा आला, मडकं भरलेलं ते भरलेलंच!

इथे मुलं हमखास हसतात, कारण खडे टाकून पाणी वर आणणारा तहानलेला कावळा त्यांना माहीत असतो. तीच युक्ती इथे चोरीसाठी वापरलेली बघून त्यांना गंमत वाटते. ती वाटू द्यावी. काळू हुशार आहे, हे मुलांना इथेच पटायला हवं.

मग श्रावण येतो. चिऊताई मडक्यात चोच घालते, तर तिच्या चोचीला खडा लागतो. ती विचारते, ‘काळूदादा, काळूदादा, शेंगा कुठे गेल्या?’ आणि काळू मान तिरकी करून म्हणतो,

काव काव काव, मला नाही ठाव,
दुसऱ्या कुणाचं घ्या की हो नाव!

हे पालुपद. गोष्ट सुरू करण्याआधीच ते मुलांकडून दोनदा म्हणवून घ्यावं, म्हणजे मधे थांबून शिकवावं लागत नाही. दोन ओळींपेक्षा ते मोठं नको. टाळीच्या ठेक्यात बसणारं हवं आणि पहिलीतल्या मुलाला अडेल असा एकही शब्द त्यात नको. मुलांनी म्हणायची खूण म्हणून सांगणाऱ्याने पंखासारखा एक हात वर करावा. हात वर गेला की म्हणायचं, खाली असला की ऐकायचं.

पालुपद तीनदा तसंच येतं, पण प्रत्येक वेळी त्याच्याभोवतीची गोष्ट बदललेली असते. पहिल्यांदा ती नुसती गंमत असते. दुसऱ्यांदा साळुंकीमावशी विचारते, तोवर काळूची झोप उडालेली असते. आपण चोरलेल्या शेंगा दुसरं कुणी चोरेल, या भीतीने तो रोज रात्री त्यांची जागा बदलतो. ही भीती मी हवेतून आणलेली नाही. कावळ्याच्याच कुळातल्या स्क्रब-जे नावाच्या अमेरिकी पक्ष्यांवर केंब्रिजच्या नेथन एमरी आणि निकोला क्लेटन यांनी प्रयोग केले, ते २००१ साली प्रसिद्ध झाले. खाऊ लपवताना कुणी बघितलं असेल, तर हे पक्षी नंतर एकटे असताना येऊन खाऊ दुसरीकडे हलवत. पण असं करणारे पक्षी कोणते? ज्यांनी आधी दुसऱ्याचा खाऊ चोरला होता ते. चोरीचा अनुभव नसलेले पक्षी खाऊ फारसा हलवत नव्हते. तेव्हा दुसऱ्या पालुपदाच्या वेळी सांगणाऱ्याने इकडे तिकडे बघत, घाईघाईने ते म्हणावं. मुलंही आपोआप घाई करतात.

तिसऱ्यांदा गोष्ट गंभीर होते. आता प्रश्न कुणी एकटं विचारत नाही, सगळं झाड विचारतं. काळू तेच उत्तर देतो. ‘दुसऱ्या कुणाचं नाव’ म्हणताना सगळ्यांच्या नजरा खारूताईकडे वळतात. दात तिचेच बारीक, शेंगा फोडायची सवय तिलाच. झाड तिला सांगतं, पिल्लं घे आणि जा. बाहेर पाऊस कोसळत असतो. खारूताई एकेक पिल्लू तोंडात धरून फांदीवरून उतरू लागते.

काळूवर कुणाचाही संशय नाही, ही गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. तो पकडला गेला आणि मग बोलला, तर ती नुसती सुटकेची धडपड होईल. तो गप्प बसला असता तर जन्मभर कुणाला कळलं नसतं, हे सांगणाऱ्याने स्पष्ट शब्दांत सांगावं आणि मग थांबावं. खारूताईचं शेवटचं पिल्लू खाली उतरतं, तेव्हा काळू तिच्या वाटेत येऊन बसतो.

काव काव काव, मला आहे ठाव,
चोर कोण विचाराल तर माझंच आहे नाव!

सगळी गोष्ट या ओळीसाठी रचलेली आहे आणि नेमकी इथेच ती फसू शकते. तीनदा म्हणून मुलांच्या जिभेला सवय लागलेली असते. ‘काव काव काव’ ऐकलं की सगळं मैदान ‘मला नाही ठाव’ ओरडतं आणि काळूचा खरा शब्द त्या गलक्यात बुडून जातो. त्यामुळे चौथ्या वेळी हात वर करायचाच नाही. आवाज खाली आणायचा, तीन ‘काव’ सावकाश सुटे म्हणायचे आणि पुढच्या शब्दाआधी पूर्ण एक श्वास थांबायचं. तरीही मुलं ओरडली तर रागवू नये, ती खूप छान चूक असते. मुलांच्या तोंडून खोटं सवयीने निघालेलं असतं आणि काळू एकटाच ‘आहे’ म्हणतो. मग मुलं एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी मोठ्याने म्हणतं, ‘आहे म्हणाला तो!’ त्यानंतर हात वर करून नवं पालुपद सगळ्यांकडून म्हणवून घ्यावं. खरी कबुली मुलांच्या स्वतःच्या आवाजात यायला हवी.

शेवट कसा करायचा, यावर गोष्ट सांगणाऱ्यांत मतभेद होतात. काही जण कावळ्याला झाडावरून हाकलतात. वर सांगितलेला प्रयोग लक्षात घेतला तर ती चूक आहे. काही जण त्याला थेट मडक्याचा राखणदार करतात, तेही मला पटत नाही. चोराच्या हाती किल्ली दिली की चौथीतली मुलं लगेच नाक मुरडतात. मी मधला मार्ग घेते. साळुंकीमावशी चिडते, चिडायलाच हवी. पण खारूताई म्हणते, ‘तू बोललास म्हणून माझी पिल्लं कोरडी राहिली,’ आणि मडक्यातली पहिली शेंग त्याच्यापुढे ठेवते. काळू ती खात नाही. तो लपवलेल्या शेंगा एकेक करून परत आणतो. पण खडे तळाशी, ते काढायचे कसे? पुन्हा त्याचीच हुशारी कामाला येते. तो मडकं हळूच आडवं करतो, शेंगा बाहेर ओततो, खडे वेचतो आणि शेंगा परत भरतो. खाऊन संपलेल्या शेंगांच्या जागी पाऊस उघडल्यावर शेतातून नव्या आणतो, चिऊताईसमोर मोजून.

गोष्ट झाल्यावर ‘यातून काय शिकलात?’ असं विचारू नये. ‘खरं बोलावं’ हे पाठ केलेलं उत्तर साऱ्या मैदानातून येईल आणि त्यावरून काहीच कळणार नाही. त्यापेक्षा ‘काळू कधी बोलला?’ असं विचारावं. मुलं ‘पकडल्यावर’ म्हणाली, तर तिसऱ्या पालुपदानंतर आपण पुरेसं थांबलो नाही असं समजावं. ‘खारूताई चालली होती तेव्हा’ म्हणाली, तर गोष्ट पोचली. आणि मुलं फक्त खड्यांच्या युक्तीबद्दलच बोलत राहिली, तर पुढच्या वेळी चोरीचा भाग दोन वाक्यांत उरकावा आणि वाचलेला वेळ खारूताईच्या पिल्लांना द्यावा.