सोसायटीच्या दिवाळीचे निमंत्रण

खामगावात सोसायटीच्या दिवाळी स्नेहमीलनाचे निमंत्रण लिहिताना पहिली अडचण तारखेची येते. कोजागिरीपासून मोठ्या देवीचा उत्सव सुरू होतो आणि त्या दिवसांत संध्याकाळी माणसे घरी सापडत नाहीत. धनत्रयोदशीला चांदीच्या बाजारात गर्दी असते, लक्ष्मीपूजनाला दुकानदार पेढीवर असतात आणि भाऊबीजेला अनेक घरांना कुलूप लागते. उरतात वसुबारस आणि पाडवा. फराळ झालेला आणि घरे भरलेली, म्हणून वसुबारस बरी. मात्र पुण्याला शिकणारी मुले तोवर पोहोचलेली नसतील, तर पाडव्याची संध्याकाळ धरावी.

कार्यक्रम वेळेसकट लिहावेत: सहाला रांगोळी स्पर्धा, सातला दिवे लावणे, साडेसातला मुलांची गाणी, साडेआठला फराळ. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावाच लागतो, म्हणून गाणी शेवटी ठेवू नयेत. फटाक्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. ती निमंत्रणातच लिहिलेली बरी, म्हणजे ऐनवेळी कुणाला टोकावे लागत नाही.

वर्गणीवरून मने दुखावतात, म्हणून हा भाग सावकाश लिहावा. समजा चोवीस घरे आहेत. प्रत्येकी 300 रुपये धरले तर 7,200 होतात, पण दोन-तीन घरे बंद असतात आणि एखाद्याला जमत नाही. त्यामुळे खर्च वीस घरांवर, म्हणजे 6,000 रुपयांतच बसवावा: ध्वनिक्षेपक 2,000, दिवे आणि रांगोळी 1,200, मुलांची बक्षिसे 1,300, मसाला दूध 1,500. हा हिशेब निमंत्रणाखाली दिला की पैसे कशाला, हा प्रश्न उरत नाही. जास्त जमले तर ते पुढच्या वर्षासाठी शिल्लक दाखवावे. ही वर्गणी देखभाल खर्चाच्या बिलात मिसळू नये आणि न देणाऱ्यांची नावे फलकावर लावू नयेत. ‘ज्यांना जमेल त्यांनी द्यावी, यायचे मात्र सर्वांनी’ एवढे वाक्य पुरते. फराळ विकत आणण्यापेक्षा प्रत्येक घरातून एक डबा मागवावा. पण कुणी काय आणायचे हे आधी विचारले नाही, तर चिवड्याचेच दहा डबे येतात आणि करंजी एकाही ताटात नसते.

‘मदतीला या’ असे मोघम लिहिले तर कुणीच नाव देत नाही. काम, वेळ आणि माणसे स्पष्ट हवीत: ‘सतरंज्या घालणे, साडेपाच ते सहा, चौघे’. जिन्याजवळ कागद आणि दोरीला बांधलेले पेन ठेवावे. पहिली दोन नावे समितीने स्वतःची लिहावीत, कोऱ्या कागदावर पहिले नाव लिहायला लोक संकोचतात. आवरण्याच्या कामापुढे सहसा जागा रिकामीच राहते. त्यासाठी काका-काकूंना कागदावर अवलंबून न राहता घरी जाऊन विचारावे, आणि मुलांना उरलेल्या पणत्या गोळा करण्याचे काम द्यावे. निमंत्रण आठ दिवस आधी द्यावे आणि आदल्या दिवशी दारोदार एकदा आठवण करावी.