क्षितिज सगळ्यांना एकाच उंचीवर कापतं

मार्च १८७०. कॅनडातल्या माँट्रियल शहरात व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकच्या बर्फावर वेशभूषेचा थाटमाट चालला आहे. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा प्रिन्स आर्थरही आला आहे. या सोहळ्याचं एक छायाचित्र आजही पाहायला मिळतं. त्यात सुमारे तीनशे माणसं आहेत आणि प्रत्येकाचा चेहरा ओळखू येईल इतका स्पष्ट आहे. पण त्या काळी कॅमेऱ्यापुढे काही सेकंद तरी श्वास रोखून बसावं लागे. मग छताखालच्या अपुऱ्या उजेडात, बर्फावरून घसरत चाललेली तीनशे माणसं कॅमेऱ्याने पकडली तरी कशी?

पकडलीच नाहीत! हा फोटो तिथे काढलेलाच नाही. विल्यम नॉटमन नावाच्या छायाचित्रकाराने सोहळ्यातल्या लोकांना त्याच पोशाखात आपल्या स्टुडिओत बोलावलं आणि प्रत्येकाचा वेगवेगळा फोटो काढला. प्रत्येक आकृती कात्रीने कापून काढली. हेन्री सँडहॅमसारखे चित्रकार त्याच्या स्टुडिओत होते. त्यांनी रंगवलेल्या रिंकच्या देखाव्यावर ही कात्रणं एकेक करून चिकटवली गेली. सगळं जागच्या जागी बसल्यावर त्या अख्ख्या चिकटकामाचाच पुन्हा एक फोटो काढला, आणि लोकांनी विकत घेतला तो हा शेवटचा फोटो.

आज शाळेच्या बॅचचा स्नेहमेळावा ठरतो. कोणी नागपुरात, कोणी दुबईत, कोणी न्यू जर्सीत. सगळे एका दिवशी एका जागी येणं जमत नाही. मग कोणीतरी सुचवतं, आपापले फोटो पाठवा, सगळ्यांना एका समुद्रकिनाऱ्यावर उभं करू. माणसं कापणं आता मिनिटांचं काम आहे. तरीही असं कोलाज नजरेला पडताक्षणी कळतं की ही माणसं चिकटवलेली आहेत. एक जण हवेत तरंगतोय, दुसरा राक्षसाएवढा, तिसऱ्याचा चेहरा निळसर. डोळ्याला हे कळतं कशावरून? आणि त्याला पटवायचं कसं?

पार्श्वभूमी म्हणून दापोली तालुक्यातल्या मुरुडसारखा पश्चिमेला तोंड करून बसलेला किनारा घेऊ. पुढे सपाट वाळू, मागे समुद्र, आणि जिथे समुद्र संपून आकाश सुरू होतं ती सरळ रेघ, म्हणजे क्षितिज. सगळी जादू या रेघेत आहे.

कॅमेरा जमिनीपासून जितका उंच, त्या उंचीवर क्षितिज प्रत्येक माणसाला कापतं. माणूस तीन मीटरवर असो की तीस मीटरवर, त्यात फरक पडत नाही. समजा कॅमेरा दीड मीटर, म्हणजे १५० सेंटिमीटरवर लावला. मग त्या वाळूवर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या अंगावर पायापासून बरोबर १५० सेंटिमीटरवरून ती रेघ जाणार. १६५ सेंटिमीटर उंचीच्या मैत्रिणीच्या साधारण ओठांजवळून जाईल, १५० च्या मैत्रिणीच्या डोक्याला टेकेल, आणि १८० च्या उंच मित्राच्या खांद्यांच्या आसपास. सगळे एकाच सपाट जमिनीवर असले की हे कधीही चुकत नाही.

याचा अर्थ काय होतो पाहा. चित्रात कोणाला किती मोठं करायचं हे ठरवायला तो किती लांब उभा आहे ते माहीतच असावं लागत नाही! पाय जिथे टेकवायचे तिथपासून क्षितिजापर्यंतचं अंतर मोजायचं. ते अंतर म्हणजे १५० सेंटिमीटर. १६५ उंचीची मैत्रीण त्याच्या १.१ पट. पाय क्षितिजाच्या १००० पिक्सेल खाली असतील तर ती ११०० पिक्सेलची. मागच्या रांगेत नेऊन पाय ५०० पिक्सेल खाली ठेवले, तर ५५० ची. एक गुणाकार केला की मागचे आपोआप लहान, पुढचे आपोआप मोठे, आणि राक्षस गायब. म्हणून फोटो मागवतानाच प्रत्येकाची उंची विचारून घ्यायची.

एक अट मात्र आहे. प्रत्येकाचा फोटोही त्याच उंचीवरून, म्हणजे १५० सेंटिमीटरवरून, आणि फोन न कलवता काढलेला हवा. कमरेच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत बुटांचं वरचं अंग कमी दिसतं आणि हनुवटीची खालची बाजू डोकावू लागते. अशा माणसाला वाळूवर उभा केला की त्याच्या पायाखालची जमीन वेगळ्याच कोनात आहे असं वाटत राहतं. फोन माणसापासून चार-पाच मीटर लांब असावा. हातभर अंतरावरची सेल्फी इथे उपयोगी नाही, कारण जवळून नाक मोठं होतं आणि कान मागे सरतात. ते नंतर दुरुस्त करता येत नाही.

आता प्रकाश. किनारा पश्चिमेकडे पाहतो, म्हणून सकाळी समुद्राकडे तोंड करून फोटो काढला तर सूर्य आपल्या पाठीशी असतो. डिसेंबरात तो आग्नेयेला, म्हणजे छायाचित्रकाराच्या पाठीमागे डाव्या अंगाला असतो. माणसांच्या चेहऱ्यावर उजेड त्यांच्या उजव्या बाजूने पडतो आणि सावल्या मागे तिरप्या, समुद्राच्या दिशेने जातात. प्रत्येकाचा फोटो असाच हवा. पण नागपूर, दुबई आणि न्यू जर्सी इथे वेगवेगळ्या वेळी काढलेल्या फोटोंत सूर्य सारखा कसा आणायचा?

घड्याळ विसरायचं आणि सावली मोजायची! सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसव्वीस अंशांवर असताना माणसाची सावली त्याच्या दुप्पट पडते. डिसेंबरात दापोलीला ही वेळ सकाळी सव्वानऊच्या आसपास येते. न्यू जर्सीत त्याच महिन्यात सूर्य इतका खाली असतो की भर दुपारीसुद्धा सावली जवळजवळ दुप्पटच राहते. दोन्हीकडे घड्याळं वेगळी, ऊन मात्र एकाच तिरपेपणाचं. म्हणून निरोप असा द्यायचा: सावली तुमच्या दुप्पट होईल तेव्हा उघड्यावर उभे राहा, आणि सूर्य चेहऱ्यासमोरून थोडा उजव्या हाताला येईल असे वळा. बरोबर झालं की नाही, हे नाक सांगतं. नाकाची छोटी सावली डाव्या गालाकडे झुकली पाहिजे.

वाळूवरची सावली आपल्याला तयार करावी लागते. कापलेल्या आकृतीची एक प्रत घ्यायची, ती गडद करून जमिनीवर आडवी झोपवायची आणि Multiply पद्धतीने वाळूवर बसवायची. सगळ्यांच्या सावल्या एकाच दिशेला. रंग निव्वळ काळा नको, निळसर करडा हवा, कारण सावलीत ऊन पोहोचत नसलं तरी निळ्या आकाशाचा उजेड पोहोचतो. आणि सावलीची कड सगळीकडे सारखी नसते. पायाशी ती धारदार, डोक्याकडे अस्पष्ट. का? सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे. तबकडीच्या एका कडेचा उजेड अडला तरी दुसऱ्या कडेचा निसटून येतो. १६५ सेंटिमीटरच्या माणसाच्या डोक्यापासून त्याच्या सावलीच्या टोकापर्यंत उजेडाला साडेतीन मीटरहून थोडं जास्त अंतर तोडावं लागतं, आणि तेवढ्यात सावलीची बाजूची कड तीनेक सेंटिमीटर पसरते. पंधरा कोटी किलोमीटरवरच्या ताऱ्याचा आकार आपल्या वाळूवर असा उमटतो!

तरीही माणूस तरंगतच राहिला तर पायांकडे पाहायचं. बूट किंवा तळवा जिथे वाळूला टेकतो तिथे ऊनही नाही आणि आकाशाचा उजेडही नाही. तिथे एक बारीक, जवळजवळ काळी रेघ असते. ती काढली नाही तर बाकी सगळं अचूक असूनही माणूस जमिनीवर येत नाही. शिवाय वाळूत पाय थोडा रुततो, म्हणून तळव्याच्या कडेवर वाळूचे चार कण चढवायचे.

रंगांचं काय? प्रत्येक फोन पांढरं म्हणजे काय हे स्वतः ठरवतो. एकाचा सदरा पिवळट, दुसऱ्याचा निळा. उपाय स्वस्त आहे. प्रत्येकाने हातात कोरा पांढरा कागद धरून एक जादा फोटो काढायचा. नंतर तो कागद सगळ्या फोटोंत सारख्याच रंगाचा दिसेपर्यंत रंग जुळवायचे, म्हणजे चेहरेही जुळतात. हे फोटो चॅटमध्ये नेहमीसारखे टाकायचे नाहीत, फाइल म्हणून पाठवायचे. नाहीतर ते दाबले जातात आणि केसांच्या कडा आधीच पुसट झालेल्या येतात.

आता वीस फोनांतून आलेले वीस फोटो. काही काचेसारखे लख्ख, काही दाणेदार. त्यांना एकाच फोटोचा भाग कसं करायचं? नॉटमनने हेच केलं होतं, अख्ख्या चिकटकामाचा पुन्हा फोटो काढून. एकाच भिंगातून, एकाच प्लेटवर गेल्यामुळे कागदाच्या कडा, ब्रशचे फटकारे आणि खरे चेहरे या सगळ्यांना एकच पोत आला. आपणही तेच करायचं. सगळे थर एकत्र केले, की त्या एकसंध चित्रावर, माणसांवर आणि समुद्रावर एकदमच, हलका दाणा घालायचा आणि उजेड-अंधाराचा समतोल एकदाच बदलायचा. एकेका माणसावर वेगळा परिणाम चढवत बसलं, तर उलट तो माणूस उठून दिसतो.

मग चित्र आरशासारखं डावं-उजवं उलटं करून पाहायचं. ओळखीचे चेहरे बाजूला पडतात आणि चुकीची सावली, वाकडा पाय, केसांभोवतीची पांढरी झालर चटकन डोळ्यांत भरते.

राहिले ते सगळ्यांत अवघड फोटो. उन्हात उभं राहणं न जमलेल्या मैत्रिणीचा गॅलरीतल्या सावलीत काढलेला फोटो, किंवा आता आपल्यात नसलेल्या मित्राचा जुना, सपाट उजेडातला फोटो. यांना उन्हात उभं केलं की ते लगेच परके दिसतात, कारण त्यांच्या नाकाला सावलीच नाही. पण त्यांच्याकडे दिशा नसलेला उजेड आहे, आणि असा उजेड किनाऱ्यावर एका ठिकाणी असतोच. सुरूच्या झाडांच्या सावलीत! कोकणच्या किनाऱ्यांवर सुरूची बनं नवी नाहीत. पार्श्वभूमीचा फोटो काढतानाच डावीकडे झाडांची लांब सावली चौकटीत घ्यायची आणि या सगळ्यांना तिथे, एकत्र उभं करायचं. त्यांच्यामागे वेगळी सावली काढावी लागत नाही, फक्त पायांखालची ती काळी रेघ, आणि वरून आलेल्या आकाशाच्या उजेडाची किंचित निळाई.