लाल-हिरवं टाळलं की काम झालं?

रंगांध माणसाला सगळं जुन्या सिनेमासारखं काळं-पांढरं दिसतं, असा समज अजूनही पक्का आहे आणि व्हिडिओतल्या ग्राफिकचे बरेचसे घोटाळे तिथूनच सुरू होतात. तसं दिसणारी माणसं असतात, पण अतिशय विरळा. बाकीच्यांना रंग दिसतात, फक्त काही रंग एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकी एक प्रकार नसतो किंवा त्याची संवेदना शेजारच्या प्रकाराच्या फार जवळ सरकलेली असते. बहुतेकांच्या बाबतीत गडबड लाल किंवा हिरव्या भागाशी जोडलेल्या पेशींत असते. त्यांची जनुकं क्ष गुणसूत्रावर असल्यामुळे हा दोष पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचं प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, तर चिनी आणि जपानी पुरुषांत साधारण ४ ते ६ टक्के. अशा प्रेक्षकाला पिवळा आणि निळा स्वच्छ वेगळे दिसतात. मात्र लाल, हिरवा, तपकिरी आणि खाकी हे रंग एकाच घरात जाऊन बसतात, जांभळा निळ्यात मिसळतो आणि फिकट गुलाबी करड्यासारखा भासतो. म्हणून ‘लाल-हिरवं टाळा’ हा नेहमीचा सल्ला चुकीचा नसला तरी अपुरा आहे. जांभळ्या-निळ्या रंगांचा आलेख काढणाऱ्याला आपण नियम पाळला असं वाटतं आणि अडचण तशीच राहते.

क्रिकेटच्या प्रक्षेपणात दोन संघांच्या धावांची तुलना दाखवणारा ‘वर्म’ सगळ्यांच्या परिचयाचा आहे. आडव्या अक्षावर षटकं, उभ्या अक्षावर धावा, दोन संघांच्या दोन रेषा आणि बळी पडला तिथे ठिपका. समजा पार्श्वभूमी काळी आहे, एक रेषा शुद्ध लाल म्हणजे `#FF0000` आणि दुसरी गडद हिरवी म्हणजे `#008000` आहे. ग्राफिक करणारा कॉन्ट्रास्ट मोजतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या वेब-सुलभतेच्या निकषांत हे गुणोत्तर दोन रंगांच्या उजळपणावरून काढतात. लहान अक्षरांसाठी ते किमान ४.५ असावं लागतं, तर मोठी अक्षरं आणि अर्थ सांगणाऱ्या आकृत्या यांच्यासाठी ३. काळ्यावर लाल ५.२५ भरतो आणि हिरवा जवळपास ४.१. दोन्ही रेषा पास झाल्या, त्यामुळे काम फत्ते झालं असं वाटतं. पण हे माप प्रत्येक रेषेचं पार्श्वभूमीशी घेतलं आहे. प्रेक्षकाला तर एक रेषा दुसरीपासून वेगळी काढायची आहे. लाल आणि हिरव्याचं एकमेकांशी गुणोत्तर काढलं तर ते जेमतेम १.२८ येतं. उजळपणाने या रेषा जुळ्या आहेत. त्यांच्यातला सगळा फरक रंगछटेवर उभा आहे आणि नेमकी ती छटाच या प्रेक्षकाकडे पोचत नाही. सतराव्या षटकात रेषा एकमेकींना छेदून पुढे गेल्या की कुठली कुणाची, हे सांगायला त्याच्याकडे काहीच आधार उरत नाही.

त्या गुणोत्तराची आणखी एक मर्यादा आहे. सूत्रात उजळपणा मोजताना हिरव्याला सुमारे ७२ टक्के, लालला २१ टक्के आणि निळ्याला ७ टक्के वजन दिलेलं असतं, आणि ही वजनं सर्वसाधारण डोळ्याची आहेत. ज्यांच्यात लालच्या बाजूची शंकुपेशी नसते त्यांना लाल रंग नुसता वेगळा दिसत नाही, तो विझल्यासारखा अंधारा दिसतो. रंगांध दृष्टीचं अनुकरण करणाऱ्या प्रचलित गणिताने काळ्यावरच्या लालचं गुणोत्तर काढलं, तर ५.२५ वरून ते ३ च्या आसपास घसरतं. काळ्या पट्टीवर बारीक लाल अक्षरांत लिहिलेला इशारा कॉन्ट्रास्ट मोजणाऱ्या साधनात पास होतो आणि ज्याला इशारा द्यायचा त्यालाच वाचता येत नाही. हिरव्याच्या बाजूची पेशी नसलेल्यांची गोष्ट याच्या उलट. वरच्या दोन रेषांपैकी पहिल्या गटाला लाल अधिक गडद वाटेल, दुसऱ्या गटाला हिरवी. म्हणजे ‘गडद दिसते ती अमुक संघाची’ अशी तोंडी खूण दिली तरी ती दोन्ही गटांना चालणार नाही. लाल वापरायचाच तर पांढऱ्यावर गडद लाल घ्यावा. तिथे लाल अंधारा दिसणं वाचायला मदतच करतं.

मग निळा आणि नारिंगी घ्या, हा पुढचा सल्ला. तो खूप बरा आहे आणि त्याचा पाया भक्कम आहे. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी शास्त्रज्ञांनी सुचवलेला आठ रंगांचा संच आज वैज्ञानिक आकृत्यांत सर्रास वापरला जातो. त्यात नारिंगी `#E69F00`, आकाशी `#56B4E9`, निळा `#0072B2`, पिवळा `#F0E442` असे रंग आहेत. पण संच सुरक्षित आहे म्हणून त्यातली कुठलीही जोडी डोळे मिटून उचलावी, हाही गैरसमजच. त्यातल्या नारिंगी आणि आकाशी यांचं एकमेकांशी गुणोत्तर १.०२ आहे, म्हणजे उजळपणा जवळजवळ सारखाच. लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्याला ते छटेने ओळखू येतील, हे खरं. तरीही व्हिडिओसाठी मी ही जोडी बारीक रेषांना वापरणार नाही, आणि त्याचं कारण व्हिडिओच्या घडणीत आहे. घरापर्यंत पोचणारा बहुतेक सगळा व्हिडिओ ४:२:० या पद्धतीने साठवलेला असतो. तिच्यात उजळपणाची माहिती प्रत्येक पिक्सेलची स्वतंत्र असते, रंगाची मात्र चार पिक्सेलना मिळून एकच. १९२० बाय १०८० च्या चित्रात रंगाचं चित्र प्रत्यक्षात ९६० बाय ५४० चंच असतं. त्यामुळे दोन पिक्सेल जाडीची रेषा केवळ छटेने वेगळी असेल तर तिचा रंग शेजारी फाकतो, दाबून लहान केलेल्या फाइलीत तो आणखी मळतो आणि मोबाइलच्या पडद्यावर उरतो एक धूसर माग. उजळपणाचा फरक मात्र पूर्ण बारकाव्यानिशी पोचतो. म्हणून आपल्या वर्मसाठी निळा आणि पिवळा ही जोडी मला योग्य वाटते. त्यांचं एकमेकांशी गुणोत्तर ३.९ आहे, काळ्याशी निळ्याचं सुमारे ४ आणि पिवळ्याचं जवळपास १६. तिन्ही मापं ३ च्या वर जातात. शिवाय रेषा किमान सहा पिक्सेल जाडीची ठेवावी, कारण लहान क्षेत्रातला रंग ओळखणं निर्दोष डोळ्यालाही कठीण जातं.

एवढं केल्यावरही ग्राफिक रंगावरच टेकलेलं राहू नये. याचं चांगलं उदाहरण क्रिकेटमध्येच आहे. पायचीतच्या निर्णयाचं पुनरावलोकन दाखवताना चेंडू कुठे पडला, पायाला कुठे लागला आणि यष्टींना लागला असता का, या तीन प्रश्नांच्या चौकटी लाल-हिरव्या होतात, पण प्रत्येक चौकटीत उत्तर शब्दांत लिहिलेलं असतं. रंग गेला तरी निर्णय समजतो. शेअर बाजाराच्या पट्टीवरचा वर किंवा खाली टोक असलेला त्रिकोण हेच काम करतो. चीन आणि जपानमध्ये भाव वाढल्याची खूण लाल रंगाने करतात, तिथेही त्रिकोणाचा अर्थ बदलत नाही. वर्मवर हे आणायचं तर एका संघाचे बळी भरीव गोलाने आणि दुसऱ्याचे चौकोनाने दाखवावेत. पण चिन्ह ओळखू येण्याइतकं मोठं हवं. आठ पिक्सेलचे गोल आणि चौकोन फोनवर दोन्ही ठिपकेच दिसतात. वीसच्या आसपास गेले की फरक जाणवतो. तुटक रेषांबद्दल मी जरा सावध राहीन. पडद्यावर रेषा वाढत जात असताना बारीक तुकडे लुकलुकतात आणि चित्र दाबताना विरघळतात. त्यापेक्षा एक रेषा दुसरीच्या दुप्पट जाड ठेवणं बरं. सर्वांत मोलाचा बदल मात्र रंगसूचीचा आहे. छापील पानावर कोपऱ्यातली सूची आणि रेषा यांच्यात नजर हवी तितकी मागे-पुढे नेता येते, व्हिडिओत ग्राफिक पाच-सहा सेकंदांत जातं. तेवढ्या वेळात सूचीतला रंग लक्षात ठेवून रेषेवर शोधणं सगळ्यांनाच जड जातं आणि रंगांध प्रेक्षकाला अशक्य होतं. संघाचं नाव रेषेच्या टोकालाच चिकटवावं आणि रेषा सरकेल तसं सरकू द्यावं. सूचीची गरजच संपते.

यावर वजनदार हरकत येते ती संघांच्या रंगांची. हिरव्या पोशाखाच्या संघाची रेषा निळी काढली तर प्रेक्षक बुचकळ्यात पडेल, हे म्हणणं रास्त आहे. पण रंग राखायचा म्हणजे तोच गडदपणा राखायचा असं नाही. एका संघाचा हिरवा बराच फिकट केला आणि दुसऱ्याचा लाल गडद ठेवून रेषांमागे करडी पट्टी घेतली, तर दोन्ही संघ आपल्या रंगांत राहतात आणि उजळपणाने वेगळेही होतात. दुर्लक्ष केलं तर काय होतं, याचा जाहीर पुरावा अमेरिकेत मिळाला. १२ नोव्हेंबर २०१५ रोजी तिथल्या व्यावसायिक फुटबॉलच्या सामन्यात बफेलो बिल्स संघ नखशिखांत लाल आणि न्यूयॉर्क जेट्स नखशिखांत हिरव्या पोशाखात उतरले. खेळाडू कुणाचा हेच कळत नाही, अशा रंगांध प्रेक्षकांच्या तक्रारींचा समाजमाध्यमांवर पाऊस पडला. कारण पोशाखांच्या दोन्ही छटांचा उजळपणा जवळजवळ सारखा होता. खास चष्मे निघालेत, मग प्रक्षेपकाने का बदलावं, असंही विचारलं जातं. ते चष्मे प्रकाशातल्या काही तरंगलांबी गाळून काही जोड्यांमधला फरक वाढवतात, पण नसलेली शंकुपेशी देऊ शकत नाहीत. ग्रानादा विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासातही अशा चष्म्याने सर्वसाधारण रंगदृष्टी मिळत नाही, असंच आढळलं.

तपासणीबद्दलही एक गैरसमज आहे: चित्र कृष्णधवल करून पाहिलं की पुरे. संपादनात सॅच्युरेशन शून्यावर आणणं ही पहिली आणि सर्वांत स्वस्त चाचणी आहे, ती जरूर करावी. तिच्यात दोन रेषा वेगळ्या दिसल्या तर निम्म्याहून जास्त काम झालं. पण त्या कृष्णधवल चित्रातही लालला सर्वसाधारण डोळ्याचंच वजन मिळालेलं असतं, त्यामुळे अंधाऱ्या लालची अडचण तिथे दिसणार नाही. त्यासाठी अनुकरण लागतं. फोटोशॉपमध्ये `View > Proof Setup` या मेनूत `Protanopia-type` आणि `Deuteranopia-type` असे दोन पर्याय आहेत, तर कलर ओरॅकल हे मोफत साधन संगणकाचा सगळा पडदाच तसा करून दाखवतं. दोन्ही पर्याय पाहावेत, कारण लालच्या बाबतीत त्यांची उत्तरं परस्परविरुद्ध असू शकतात. अनुकरण पूर्ण अभाव दाखवतं, बहुतेकांचा दोष त्याहून सौम्य असतो. म्हणजे चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते. आणि हे सगळं डिझाइनच्या मूळ फाइलवर न करता, दाबून बाहेर काढलेल्या व्हिडिओची एक चौकट थांबवून तिच्यावर करावं. मूळ फाइलीत रंगाचं चित्र अजून चौथ्या हिश्शाचं झालेलं नसतं.