उपदेश उसना, नाव कुणाचे?

1734 साली आयर्लंडहून सॅम्युएल हेम्फिल नावाचा एक तरुण प्रेस्बिटेरियन उपदेशक अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात आला. आवाज चांगला, मांडणी स्वच्छ, आणि विशेष म्हणजे हातात कागद न घेता बोलायची हातोटी. एरवी चर्चकडे न फिरकणारे लोकही त्याला ऐकायला येऊ लागले. बेंजामिन फ्रँकलिन त्यांतलाच एक. जुन्या मंडळींना मात्र हेम्फिलची मते शास्त्राला सोडून वाटली. त्याची चौकशी सुरू झाली आणि फ्रँकलिनने त्याच्या बाजूने पत्रके लिहून छापली. वाद रंगात आला असतानाच विरोधकांपैकी एकाला हेम्फिलचा एक उपदेश कुठेतरी वाचल्यासारखा वाटला. शोध घेतल्यावर तो मजकूर एका ब्रिटिश नियतकालिकात सापडला. तो डॉ. फॉस्टर यांच्या प्रवचनातला होता.

पाठीराख्यांची पांगापांग झाली. हेम्फिलने फ्रँकलिनला खासगीत कबूल केले, की त्याने केलेल्या उपदेशांपैकी एकही त्याचा स्वतःचा नव्हता. एकदा वाचलेले त्याच्या लक्षात राहत असे. फ्रँकलिन तरीही त्याच्याच बाजूने उभा राहिला. इतरांचे चांगले उपदेश ऐकणे हे स्वतः रचलेले वाईट उपदेश ऐकण्यापेक्षा बरे, असे त्याचे मत होते आणि आत्मचरित्रात त्याने ते मोकळेपणाने नोंदवले आहे.

फ्रँकलिनचे मत सहज झटकून टाकण्यासारखे नाही. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीननेही असेच काहीसे लिहून ठेवले आहे. ज्यांना बोलता चांगले येते पण रचता येत नाही, त्यांनी दुसऱ्याने लिहिलेले पाठ करून लोकांसमोर मांडावे, त्यात गैर काही नाही, असे तो म्हणतो. इंग्लंडच्या चर्चने तर 1547 मध्ये तयार उपदेशांचे अधिकृत पुस्तकच काढले, कारण स्वतः उपदेश रचू शकतील असे पाळक गावोगावी नव्हते. पण ते उपदेश ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते, की पाळक पुस्तकातून वाचत आहेत. हेम्फिलच्या श्रोत्यांना ते ठाऊक नव्हते. त्याचे चुकले ते इथे.

आपल्याकडच्या श्रोत्याला तर नाव ऐकायची सवयच आहे. वारकरी कीर्तनकार निरूपणासाठी अभंग घेतो, तेव्हा अभंगातल्या नाममुद्रेमुळे तो तुकोबांचा की नामदेवांचा हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. भाष्यग्रंथांना अशी मुद्रा नसते. ती उपदेशकालाच उच्चारावी लागते.

नाव गाळल्याने मूळ लेखकावर अन्याय होतो, हे खरेच. त्याहून मोठे नुकसान श्रोत्यांचे होते: ऐकलेली गोष्ट तपासण्याची वाटच बंद होते. याचे एक उदाहरण जवळजवळ प्रत्येक मंडळीने ऐकलेले आहे. मार्कच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, एक श्रीमंत मनुष्य येशूकडे येतो आणि खिन्न होऊन परत जातो. त्यानंतर उंट आणि सुईच्या नाकाचा दाखला येतो. त्यावर उपदेशक हमखास सांगतात, की यरुशलेमला ‘सुईचे नाक’ नावाचा एक छोटा दरवाजा होता. उंटाच्या पाठीवरचे ओझे उतरवून त्याला गुडघ्यांवर बसवले, की तो कसाबसा त्यातून आत जाई. चित्र डोळ्यांसमोर उभे राहते आणि तात्पर्यही आयते मिळते: ओझे उतरवा, नम्र व्हा. अडचण एवढीच, की येशूच्या काळात अशा नावाचा दरवाजा होता याला पुरावा नाही. ही गोष्ट मध्ययुगातल्या भाष्यांत दिसू लागते आणि तिथून एका उपदेशातून दुसऱ्यात उतरत आपल्यापर्यंत पोहोचते.

समजा, एक पाळक या उताऱ्यावर उपदेश तयार करत आहेत आणि त्यांच्या टेबलावर विल्यम बार्क्ले यांचे भाष्य आहे. ग्लासगो विद्यापीठातल्या या प्राध्यापकाची नव्या करारावरची भाष्यमाला आपल्याकडच्या कित्येक पाळकांच्या कपाटात असते. दरवाजाची गोष्ट मत्तयाच्या भाष्यात बार्क्लेही देतात, पण ‘असे सांगतात’ अशा सावध शब्दांत, आणि शेवटी त्यांचा कल राहतो तो शब्दशः अर्थाकडे, म्हणजे खरा उंट आणि खरी सुई. घाईत मजकूर उतरवून घेणाऱ्याच्या वहीत गोष्ट तेवढी येते. तो सावधपणा आणि तो कल दोन्ही मागे राहतात. रविवारी व्यासपीठावरून ती इतिहास म्हणून सांगितली जाते.

हेच काम प्रामाणिकपणे करायचे तर सुरुवात भाष्यापासून करायची नाही. आधी उतारा स्वतः दोन-तीनदा वाचायचा आणि मनात आलेले प्रश्न वहीत लिहायचे. इथे एक प्रश्न सहज पडतो. दाखला ऐकून शिष्य एवढे थक्क का होतात, आणि मग तारण कोणाचे होणार असे का विचारतात? येशूचे उत्तर असे, की माणसाला हे अशक्य आहे, देवाला नाही. दरवाजातून गुडघे टेकून जाणे कठीण असेल, पण अशक्य नाही. म्हणजे पुढची वचनेच त्या गोष्टीला आधार देत नाहीत. इतके हाती आल्यावर भाष्य उघडायचे. आता पाळक बार्क्ले यांच्याकडे विचार उसना घ्यायला जात नाहीत, पडताळून पाहायला जातात.

टिपणे काढताना एक साधी शिस्त पाळली तर पुढचा बहुतेक गोंधळ टळतो. वहीच्या पानावर उभी रेघ मारून एका बाजूला स्वतःचे विचार आणि दुसऱ्या बाजूला वाचलेले लिहावे. जे शब्दशः उतरवले त्याला अवतरणचिन्हे लगेच द्यावीत आणि शेजारी लेखक, पुस्तक व पान लिहावे. ‘नंतर लिहू’ म्हटले, की सहा महिन्यांनी वहीतले कोणते वाक्य कोणाचे हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. चोरीचा हेतू नसताना घडणारी चोरी बहुधा अशीच घडते. जे आपल्या शब्दांत सांगायचे आहे ते पुस्तक मिटून लिहावे. पुस्तक उघडे ठेवून लिहिले, की चार शब्द बदलतात, पण वाक्याचा सांगाडा लेखकाचाच राहतो; इंग्रजीतून मराठीत आणताना तर हे लक्षातही येत नाही. भाषांतर केले म्हणून विचार आपला होत नाही.

मग व्यासपीठावर काय बोलायचे? वरच्या उदाहरणात एवढे पुरे आहे: “सुईचे नाक नावाचा दरवाजा होता, असे आपण पुष्कळदा ऐकले आहे. विल्यम बार्क्ले ही समजूत सांगतात, पण त्यांना स्वतःला शब्दशः अर्थ जवळचा वाटतो. पुढची वचने वाचली तर आपल्यालाही तेच दिसेल.” नाव घेतले, मत सांगितले आणि श्रोत्यांना पुन्हा शास्त्राकडे नेले. पुस्तकाचे वर्ष आणि पान व्यासपीठावरून सांगण्याची गरज नाही. ते वहीत असावे, कोणी विचारले तर दाखवता यावे.

प्रत्येक वाक्याला नाव जोडायचे नाही. मार्कचे शुभवर्तमान कोणासाठी लिहिले गेले, ग्रीक शब्दाचा अर्थ काय, असे जे चार भाष्यांत सारखेच सापडते ते सर्वांचे आहे. नाव घ्यायचे ते एखाद्याच्या खास विचाराला, लक्षात राहणाऱ्या शब्दरचनेला, दृष्टान्ताला आणि मुद्द्यांच्या आराखड्याला. आराखड्याचे बहुतेकांना सुचत नाही. दुसऱ्याच्या उपदेशातले तीन मुद्दे त्याच क्रमाने घेऊन मधले शब्द स्वतःचे घातले, तरी उपदेशाची हाडे त्याचीच असतात. सुरुवातीला एकदा सांगितले, की आजची मांडणी अमुक यांची आहे, तर मुद्द्यागणिक नाव घ्यावे लागत नाही. दुसऱ्याला आलेला अनुभव ‘मी एकदा रेल्वेने जात होतो’ अशा थाटात सांगणे मात्र उसनवारीत बसत नाही. ते सरळ खोटे आहे.

नाव घ्यायचे तर ते बरोबर असावे. मॅथ्यू हेन्री यांचे भाष्य तीनशे वर्षे वाचले जात आहे. पण 1714 मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे काम प्रेषितांच्या कृत्यांपर्यंतच झाले होते. रोमकरांस पत्रापासून पुढचा भाग इतर पाळकांनी पूर्ण केला. म्हणून रोमकरांवरच्या उपदेशात ‘मॅथ्यू हेन्री म्हणतात’ असे न म्हणता ‘मॅथ्यू हेन्री यांच्या नावाच्या भाष्यात म्हटले आहे’ असे म्हणणे जास्त खरे.

मूळ उपदेशकाची परवानगी असेल तर? अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनमध्ये 2021 साली हाच प्रश्न उभा राहिला. नव्याने अध्यक्ष झालेले एड लिटन यांचा रोमकरांस पत्रावरचा उपदेश आणि त्यांच्या आधीचे अध्यक्ष जे. डी. ग्रीअर यांचा उपदेश लोकांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोघांनीही सांगितले, की परवानगी घेतली होती. तरीही नाव न घेतल्याबद्दल लिटन यांना माफी मागावी लागली. परवानगीने लेखकाचे समाधान झाले, पण समोर बसलेल्या मंडळीला त्यातले काहीच माहीत नव्हते.

कायद्याची बाजू याहून वेगळी आहे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात व्याख्यानाच्या व्याख्येतच धार्मिक प्रवचनाचा उल्लेख आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क टिकतो. बार्क्ले 1978 मध्ये वारले, म्हणून त्यांच्या लेखनावरचा हक्क इथे 2038 अखेरपर्यंत आहे. मॅथ्यू हेन्री किंवा 1892 मध्ये वारलेले स्पर्जन यांचे मूळ लेखन खुले आहे, पण त्याच्या नव्या मराठी भाषांतरावर भाषांतरकाराचा हक्क असू शकतो. प्रकाशित पुस्तकातल्या वाजवी उताऱ्याचे जाहीर वाचन कायद्याला चालते. तोच उपदेश छापायचा किंवा यूट्यूबवर टाकायचा असेल, तर लांब उताऱ्यांसाठी प्रकाशकाला विचारलेले बरे.

उरते ती मंडळीची जबाबदारी. ज्या पाळकावर दोन-तीन गावे, आठवड्याच्या प्रार्थनासभा आणि अचानक येणारे अंत्यविधी आहेत, त्याच्याकडून दर रविवारी नवाकोरा उपदेश मागितला तर तो कुठून तरी उचलणारच. मंडळीच्या पंच-कमिटीने त्याला वर्षाला दोन-चार चांगली भाष्ये घेऊन द्यावीत, आणि एखाद्या धावपळीच्या रविवारी ‘आज मी स्पर्जन यांचा उपदेश वाचून दाखवणार आहे’ असे त्याने मोकळेपणाने सांगितले तर ते कमीपणाचे मानू नये.