विषयपत्रिका आणि शब्दशः उतारा यांची रुजवात

इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिलेले आढळले की त्या विषयावर सभेत विचार झालाच असला पाहिजे, हा समज शिरपूर तालुक्यातील ग्रामसभांपुरता मर्यादित नाही. वस्तुतः इतिवृत्त हे निर्णयाचे दफ्तर आहे. चर्चा किती व कोणती झाली हे पाहावयाचे असेल, तर ध्वनिमुद्रणावरून उतरविलेला शब्दशः मजकूर विषयपत्रिकेशेजारी ठेवून रुजवात घालावी लागते.

दुसरा समज असा की विषयाचे नाव उताऱ्यात शोधले की काम झाले. आता एक कल्पित उदाहरण घेऊ. नाला रुंदीकरण, खोलीकरण आणि सिमेंट बंधारे यांच्या ‘शिरपूर पॅटर्न’मुळे ख्यात झालेल्या शिरपूर तालुक्यातील एका ग्रामसभेपुढे तिसरा विषय ‘बंधाऱ्यांतील गाळ काढणे व त्यासाठी निधीची तजवीज करणे’ आणि चौथा ‘पाणीपट्टी वसुली’ असा आहे. तिसऱ्या विषयाचे केवळ वाचन होते, कोणी ‘मंजूर’ म्हणतो आणि सभा पुढे सरकते. परंतु पाणीपट्टीचा प्रश्न निघताच, विहिरीलाच पाणी नाही तर पट्टी कशाची, अशी हरकत एक शेतकरी घेतो, आणि नाला बुजला, यंत्र कोण आणणार, माती कोणाच्या शेतात टाकणार, यावर सभा बराच वेळ रंगते. ‘बंधारा’ हा शब्द मात्र त्यात एकदाही येत नाही. तेव्हा नावापुरता शोध घेणारा या चर्चेला मुकतो आणि तिसरा विषय ओझरता झाला असे लिहून मोकळा होतो.

म्हणून जोडविषय आधी फोडावा: गाळ एक, निधी दुसरा. मग प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: तो सभेपुढे मांडला गेला काय, त्यावर कोणी माहिती, शंका वा हरकत उपस्थित केली काय, आणि अखेर त्याचा निकाल लागला काय? या कसोटीने गाळावर चर्चा झाली, पण चौथ्या विषयाच्या ओघात, आणि त्या चर्चेअंती निर्णय झाला नाही. निधीचा केवळ उच्चार होऊन ‘मंजूर’ म्हटले गेले, म्हणून तो ओझरता. आणि पाणीपट्टीच्या वसुलीचा तपशील, जो खरा चौथा विषय, तो चर्चेच्या लांबीमुळे झाल्यासारखा भासला तरी वगळलाच गेला. उताऱ्याची पृष्ठसंख्या मोजून चर्चा ठरविणारे नेमके येथेच फसतात.

‘पुढील सभेत घेऊ’ असे स्पष्ट बोलून तहकूब केलेला विषय वगळलेल्यांत घालू नये. त्याची नोंद वेगळी. आणखी एक खबरदारी: उताऱ्यातील वेळेचे आकडे तपासावेत, कारण एकाच वेळी अनेकजण बोलू लागले किंवा ध्वनिक्षेपकापासून दूर कोणी बोलला की मध्येच काही मिनिटे कोरी जातात. ती खिंडार पडलेली जागा त्या विषयाच्या आसपास असेल, तर ‘वगळला’ असा शेरा न मारता ‘नोंद अपुरी’ असे लिहून सभेस हजर असलेल्या दोघातिघांकडे चौकशी करावी.