वळणबिंदू किती पक्का?

अनुभव वाढतो तसा पगार वाढतो, पण एका टप्प्यानंतर वाढ मंदावते आणि आलेख खाली झुकतो. जेफ्री वूल्ड्रिज यांच्या अर्थमितीच्या पाठ्यपुस्तकात 1976 सालच्या 526 अमेरिकी नोकरदारांवरून काढलेले समीकरण आहे. त्यात ताशी पगार डॉलरमध्ये आणि अनुभव वर्षांत मोजला आहे:

wage = 3.73 + 0.298 exper − 0.0061 exper²

पगाराचे शिखर येते 0.298 ÷ (2 × 0.0061), म्हणजे सुमारे 24.4 वर्षांवर. पण हा आकडा किती पक्का? पुस्तकात दोन सहगुणकांच्या प्रमाण त्रुटी दिल्या आहेत, 0.041 आणि 0.0009. भागाकाराची त्रुटी मात्र त्यांना एकमेकांनी भागून मिळत नाही.

इथे डेल्टा पद्धत कामी येते. वक्राच्या अगदी लहान तुकड्याला ती सरळ रेषा मानते आणि विचारते, सहगुणक थोडा हलला तर शिखर किती सरकेल? पहिला सहगुणक 0.041 ने हलला तर शिखर सुमारे 3.4 वर्षे सरकते, दुसरा 0.0009 ने हलला तर 3.6 वर्षे. दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढले तर त्रुटी येते 4.9 वर्षे. मग शिखर 15 ते 34 वर्षांत कुठेही असू शकते!

हे उत्तर चुकीचे आहे, कारण दोन्ही चुका स्वतंत्रपणे होत नाहीत. अनुभव आणि त्याचा वर्ग जवळजवळ जोडीनेच वाढतात. म्हणून चढ जास्त मोजला गेला की बाकही जास्त मोजला जातो. चढ शिखराला पुढे ढकलतो, बाक मागे खेचतो, आणि बराचसा परिणाम एकमेकांत विरतो. अशा आकडेवारीत दोन्ही अंदाजांचा सहसंबंध −0.96 च्या आसपास असतो. तो धरला की वर्गांच्या 24.3 या बेरजेतून सुमारे 23.3 वजा होतात आणि त्रुटी उरते जेमतेम एक वर्ष. शिखर 22 ते 26 वर्षांच्या दरम्यान येते.

म्हणूनच नुसत्या छापील तक्त्यावरून ही त्रुटी काढता येत नाही. सहगुणकांचे सहप्रचरण हवेच. शिवाय जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी असल्याने पूर्णांकित आकडे घात करतात. हिशेब संगणकावर सोपवावा. स्टाटात तो असा करतात:

```
nlcom -_b[exper]/(2*_b[expersq])
```

सरळ रेषेचा आधार मात्र सगळीकडे टिकत नाही. छेदात बाकाचा सहगुणक आहे. तो इथे स्वतःच्या त्रुटीच्या जवळपास सातपट आहे, त्यामुळे भीती नाही. तो दुपटीच्या आसपास असता, तर छेद शून्याजवळ जाण्याची शक्यता उरली असती, भागाकार एका बाजूला लांबच लांब पसरला असता आणि डेल्टा पद्धतीचा दोन्हीकडे सारखा पट्टा फसवा ठरला असता. अशा वेळी फिलर यांची पद्धत वापरावी. तिचा पट्टा एकीकडे जास्त लांब असू शकतो, कधी तर त्याला टोकच नसते. म्हणजे शिखर कुठे आहे हे त्या आकडेवारीवरून सांगताच येत नाही.